नवोदय सहावी प्रवेश, कोल्हापूर : मुलगी ग्रामीण धरायची की शहरी?

वैशाली_वडणगे

नमस्कार. माझी मुलगी यंदा पाचवीला आहे, आमच्या वडणग्यातच, जिल्हा परिषदेच्या शाळेत. कागलच्या नवोदय विद्यालयासाठी २०२६-२७ च्या सहावीचा फॉर्म भरायचा आहे. परीक्षा १३ डिसेंबर २०२५ ला आहे आणि फॉर्मची शेवटची तारीख २९ जुलै दिली आहे, म्हणून जरा घाईनं विचारते.

अडचण अशी की तिसरीला ती कोल्हापूर शहरात शिकत होती. माझ्या सासूबाईंचं ऑपरेशन झालं होतं, आम्ही वर्षभर दिरांच्या घरी राहिलो आणि तिला तिथल्याच शाळेत घातलं. २०२४ च्या जूनमध्ये दाखला काढून गावात आणलं. चौथी गावात झाली, पाचवीही गावातच चालू आहे. फॉर्ममध्ये तिसरी, चौथी, पाचवी अशी प्रत्येक वर्षाची शाळा आणि तिथं 'ग्रामीण' की 'शहरी' असं विचारलंय. शाळेत म्हणाले की तुम्ही गावचेच, ग्रामीण टाका. शेजारच्या ताई म्हणतात की शहरी होणार, आता काही खरं नाही.

दुसरं, आम्ही धनगर. दाखल्यावर भज-क आहे. फॉर्ममध्ये जनरल, ओबीसी, एससी, एसटी एवढंच दिसतं. यात आम्ही कुठं बसतो?

मुलीचा जन्म २० ऑगस्ट २०१५ चा. वयाचं काही अडत नाही ना, तेही सांगा.

पाटील_शिये

ताई, काळजी करू नका. घर ग्रामपंचायतीच्या हद्दीत, रेशनकार्ड गावचं, सातबारा गावचा, मग पोरगी ग्रामीणच. ग्रामसेवकाकडनं रहिवासी दाखला घ्या आणि ग्रामीण टाका. माझ्या चुलतभावाच्या पोरानं असंच केलं होतं, तो लागला पण.

केंद्रप्रमुख_निवृत्त

पाटील, रहिवासी दाखला लागतो हे तुमचं बरोबर. पण तो जिल्ह्यासाठी लागतो. मूल कोल्हापूर जिल्ह्यातलं आहे एवढंच त्यानं सिद्ध होतं. ग्रामीण की शहरी हे घरावरून ठरत नाही, शाळा कुठं आहे त्यावरून ठरतं. तुमच्या पुतण्याच्या तिन्ही वर्षांच्या शाळा गावातच असतील, म्हणून त्याला काही अडचण आली नसेल.

नियम असा आहे. तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण, ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत झालेली असली तरच मूल ग्रामीण. या तीन वर्षांत एक दिवस जरी ते शहरी भागातल्या शाळेत शिकलेलं असलं तरी ते शहरी धरतात. 'एक दिवस' मी वाढवून सांगत नाही, माहितीपत्रकातच तसं आहे. मी नोकरीत असताना पालकांना हे वाचून दाखवायचो तेव्हा कुणाला पटायचं नाही.

वैशालीताई, म्हणून तुमच्या मुलीचं स्पष्ट आहे. २०२३-२४ ची अख्खी तिसरी महापालिका हद्दीतल्या शाळेत झाली, त्यामुळे ती शहरी. चौथी-पाचवी गावात झाल्यानं त्यात बदल होत नाही. फॉर्ममध्ये तिसरीसमोर शहरी आणि चौथी-पाचवीसमोर ग्रामीण, जसं आहे तसं भरा. शाळेला सांगा की प्रमाणपत्रावरही तसंच लिहा. मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याचं ते प्रमाणपत्र स्कॅन करून अपलोड करायचं असतं. ते आणि फॉर्म यांत फरक राहिला तर पुढं कागदपत्रं तपासताना पेच पडतो.

शहरी झाली म्हणजे बाद झाली असं मात्र नाही. तेवढं शेजारच्या ताईंना सांगा.

वयाची काही अडचण नाही. २०२६-२७ च्या सहावीसाठी १ मे २०१४ ते ३१ जुलै २०१६ या काळात जन्मलेली मुलं पात्र आहेत, दोन्ही तारखा धरून. ही अट सगळ्या प्रवर्गांना सारखीच आहे, एससी-एसटीलाही वयात सवलत नाही.

वैशाली_वडणगे

सर, आभार. पण शहरी झाली तर जागा किती उरतात? वर्गात चाळीस-चाळीस मुलं घेतात एवढंच ऐकलंय.

केंद्रप्रमुख_निवृत्त

चाळीसच्या दोन तुकड्या, म्हणजे जास्तीत जास्त ८० जागा. त्यांतल्या किमान ७५ टक्के, म्हणजे ६०, ग्रामीण मुलांसाठी. उरलेल्या २० गुणवत्तेवर भरतात आणि त्या शहरी व ग्रामीण दोघांनाही खुल्या असतात. पुष्कळ पालक इथं चुकतात, त्यांना वाटतं २५ टक्के शहराचं राखीव आहे. तसं नाही. ग्रामीण मुलांनी जास्त गुण मिळवले तर या वीसमध्येही ती येतात. म्हणून शहरी मुलांना जास्तीत जास्त २०, प्रत्यक्षात त्याहून कमीही मिळू शकतात.

तुमच्या मुलीची स्पर्धा त्यामुळे वाढली हे खरं आहे, ते लपवून उपयोग नाही. पण ती मुलगी आहे आणि ओबीसीत बसते, या दोन्ही गोष्टी तिच्या बाजूनं मोजल्या जातात. एकूण जागांच्या किमान एक तृतीयांश जागी मुली असाव्यात असा नियम आहे, म्हणजे ८० मध्ये साधारण २७. ओबीसीला २७ टक्के, म्हणजे साधारण २१-२२. हे कप्पे एकमेकांना छेदतात. ओबीसी मुलगी एकाच वेळी दोन्हींत मोजली जाते. त्यामुळे २७ आणि २२ अशी बेरीज करत बसू नका.

धनगरवाडा_पन्हाळा

वैशालीताई, आपण एसटीत टिक केलं पाहिजे. आपली मागणी तीच आहे. आणि एसटीच्या जागा तर आपल्या जिल्ह्यात रिकाम्याच राहत असणार, आदिवासी आहेत कुठं इथं?

केंद्रप्रमुख_निवृत्त

दादा, मागणीबद्दल मी काही बोलत नाही, ती तुमची भावना आहे. पण फॉर्म आज हातात असलेल्या दाखल्यावर भरायचा असतो. एसटीचा दाखला नसताना एसटी टिक केलं तर पोरीची परीक्षा पास होऊनही निवड पडताळणीत रद्द होईल. धनगर केंद्राच्या यादीत ओबीसी आहेत. नवोदय केंद्र सरकारचं, म्हणून तिथं केंद्राची यादी चालते. आपल्याकडच्या विमुक्त-भटक्यांचे अ, ब, क, ड हे कप्पे राज्याचे. केंद्राच्या फॉर्ममध्ये ते दिसणारच नाहीत. भज-क लिहायला जागा नाही म्हणून कितीतरी पालक सरळ 'जनरल' टिक करतात आणि मुलाचा हक्क घालवतात.

तुमच्या दुसऱ्या मुद्द्यात मात्र अर्धं तथ्य आहे. एससी आणि एसटीच्या जागा जिल्ह्यातल्या त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात ठेवतात, पण देशाच्या प्रमाणापेक्षा कमी नाही. म्हणजे एससीला किमान १५ टक्के आणि एसटीला किमान ७.५ टक्के. कोल्हापुरात एसटीची लोकसंख्या जेमतेम एक टक्का असेल, तरी ८० मध्ये ६ जागा त्यांच्या असतात. एससीच्या १२. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात हिशेब उलटा होतो. तिथं आदिवासींची संख्या मोठी म्हणून टक्का वर जातो, पण एससी-एसटी मिळून ५० टक्क्यांची मर्यादा आहे. या दोन प्रवर्गांच्या जागा एकमेकांत बदलूही शकतात. म्हणून 'रिकाम्या राहतात' असं धरून चालू नका.

मेघा_कबनूर

मराठा मुलांचं काय? आमच्याकडं एसईबीसीचा दाखला आहे. ईडब्ल्यूएसचाही काढता येईल.

अॅड_शाहूपुरी

एसईबीसी हा महाराष्ट्राचा प्रवर्ग आहे, केंद्राच्या संस्थेत तो चालत नाही. ईडब्ल्यूएसच्या जागा नवोदयच्या सहावी प्रवेशात नाहीत. त्यामुळे जनरल. तुमच्याकडं कुणबी नोंद सापडून तसा दाखला मिळालेला असेल तर कुणबी केंद्राच्या ओबीसी यादीत आहे, मग ओबीसी टाकता येईल. मात्र केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्र काढून ठेवा. राज्याच्या नमुन्यातलं घेऊन गेलेले पालक परत सेतूच्या रांगेत उभे राहिलेले मी पाहिलेत. दोन्ही नमुने दिसायला सारखे असतात, मजकूर वेगळा असतो. अर्ज करतानाच 'केंद्र सरकारच्या कामासाठी' असं स्पष्ट मागा.

वैशालीताई, तुम्हालाही हेच लागू. शेतीचं उत्पन्न आणि पगार क्रीमिलेअरच्या हिशेबात धरत नाहीत, तेव्हा घाबरून जाऊ नका. हे प्रमाणपत्र आज फॉर्म भरताना लागत नाही, निवड झाल्यावर लागतं. पण निकाल लागल्यावर धावपळ सुरू होते, त्यामुळे आत्ताच अर्ज टाकून ठेवा.

उदगावकर

माझं थोडं वेगळं आहे, पण इथंच विचारतो. आम्ही उदगावला राहतो, शिरोळ तालुका. मुलगा पाचवीला सांगलीत आहे, अंकलीचा पूल ओलांडला की दहा मिनिटांत शाळा. त्यानं कागलला फॉर्म भरायचा की सांगली जिल्ह्याच्या पलूसला? दोन्हीकडं भरला तर चालेल का?

पाटील_शिये

पलूस. शाळा जिथं तिथं फॉर्म.

केंद्रप्रमुख_निवृत्त

पाटील, शाळेचा जिल्हा बघतात हे बरोबर, पण तेवढ्यावर भागत नाही. मूल ज्या जिल्ह्यात पाचवी शिकतं त्याच जिल्ह्यातल्या नवोदयसाठी बसता येतं, आणि पालकांचा रहिवासही त्याच जिल्ह्यातला लागतो. उदगावकरांचं घर कोल्हापुरात आणि शाळा सांगलीत. पलूसला निवड झाली तर कागदपत्रांच्या वेळी सांगली जिल्ह्याचा रहिवासी पुरावा मागतील, तो यांच्याकडं नाही. कागलला भरावं तर पाचवी कोल्हापूर जिल्ह्यात नाही. सांगायला वाईट वाटतं, पण आज आहे त्या स्थितीत दोन्हीकडं अडतं. आणि दोन फॉर्म भरायचा तर विचारही करू नका. एका मुलाला ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते.

उदगावकर

म्हणजे पोरगं कुठलंच नाही? आम्ही पुलाच्या अलीकडं राहतो एवढाच गुन्हा?

आता जुलैच चालू आहे. दाखला काढून उदगावातल्या शाळेत घातलं तर?

केंद्रप्रमुख_निवृत्त

तुमचा संताप समजतो. नदीकाठच्या दोन्ही बाजूंच्या गावांत हे नेहमी घडतं. पाचवीचं पूर्ण वर्ष त्या जिल्ह्यात व्हावं लागतं आणि तुमच्या मुलाचं वर्ष जूनमध्येच सांगलीत सुरू झालंय. जनरल रजिस्टरला जी तारीख पडली ती पडली. अशा बदलीला ते मान्यता देतील असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण मी सांगतो म्हणून सोडूनही देऊ नका. कागलच्या विद्यालयात जाऊन प्राचार्यांना लेखी विचारा आणि लेखीच उत्तर घ्या. फॉर्म भरण्याआधी विचारलेलं बरं.

सीमेवरचा_निपाणी

आमच्याकडंही हेच दुखणं. निपाणीहून कागलचं नवोदय हाकेच्या अंतरावर, पण आमची मुलं कर्नाटकची, म्हणून बेळगाव जिल्ह्याच्या कोथळीला जातात, चिकोडीकडं. कागल तालुक्यातली काही मुलं मात्र निपाणीत शिकायला येतात. त्यांचंही उदगावकरांसारखंच होणार. चौथीत असतानाच पालकांना हे कळलं पाहिजे, पाचवीत कळून काय उपयोग?

सैनिकी_स्वप्न

सातारा सैनिक स्कूलला पण हेच लागू का? माझा मुलगा गडहिंग्लजला आहे. गडहिंग्लज शहरी आहे, मग त्याला सातारा मिळणार नाही का?

अॅड_शाहूपुरी

तो रस्ता वेगळा आहे. सैनिक स्कूलला ग्रामीण-शहरी काही नाही आणि जिल्ह्याचीही अट नाही. तिथं राज्य बघतात, ६७ टक्के जागा ज्या राज्यात शाळा आहे तिथल्या मुलांना. वय प्रवेशाच्या वर्षी ३१ मार्चला १० ते १२. परीक्षाही वेगळी आहे आणि ३०० पैकी १५० गुण गणिताचे आहेत. तुमच्या मुलानं दोन्हीकडं बसायला हरकत नाही. पण तयारी एकच समजू नका. नवोदयमध्ये गणिताला फक्त २५ गुण आहेत, तिथं अर्धा पेपर आकृत्यांचा असतो.

कागल_मामा

वैशालीताईंच्या प्रश्नावर परत येतो, कारण आमच्या घरात हेच झालंय. माझ्या बहिणीचा मुलगा तिसरीला शहरात एका खाजगी शाळेत होता, पुढची दोन वर्षं गावात. गावच्या शाळेनं प्रमाणपत्रावर तिन्ही वर्षं ग्रामीण लिहून दिली. कुणाची वाईट नियत नव्हती, पोरगं आपलंच आहे, लागू दे, एवढंच. पोरगं खरंच हुशार, यादीत नाव आलं, गावात पेढे वाटले. कागदपत्रांच्या वेळी तिसरीच्या शाळेचा दाखला मागितला आणि तिथं सगळं उघडं पडलं. निवड रद्द झाली. शहरी म्हणून भरलं असतं तर त्या गुणांवर नंबर लागला असता की नाही, हे आता कोण सांगणार? परत परीक्षाही देता येत नाही. पोरगं दोन महिने कुणाशी बोलत नव्हतं.

म्हणून ताई, शाळा काहीही म्हणू दे. खरं तेच भरा.

वैशाली_वडणगे

दादा, वाचून अंगावर काटा आला. शाळेत आज परत गेले होते. तिसरीचा शाळा सोडल्याचा दाखला दाखवला तेव्हा त्यांनी प्रमाणपत्र दुरुस्त करून देतो म्हणून सांगितलं. तिसरीसमोर शहरी लिहिणार.

पण एक गोष्ट मनाला लागते. आमच्या गल्लीतली एक मुलगी शाळेला रोज व्हॅननं जाते, शहराबाहेरच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. ती ग्रामीण, आणि माझी शहरी?

केंद्रप्रमुख_निवृत्त

हो, ती शाळा ग्रामपंचायतीच्या हद्दीत आणि मान्यताप्राप्त असेल तर ती ग्रामीणच. सरकारी की खाजगी, मराठी की इंग्रजी, असा फरक नियमात नाही. कोल्हापूरभोवती कितीतरी मोठ्या शाळा हद्दीबाहेर आहेत. घर राजारामपुरीत, शाळा ग्रामपंचायतीत, मूल ग्रामीण. आणि दुसरीकडं आजऱ्याजवळच्या वाडीतलं मूल. वाडीत शाळा चौथीपर्यंतच आहे, म्हणून पाचवीला आजऱ्यात येतं. आजऱ्यात नगरपंचायत झालेली आहे, म्हणून हे मूल शहरी. चंदगड, हातकणंगले, शिरोळ, हुपरी, सगळीकडं आता नगरपंचायती नाहीतर नगरपरिषदा. आपल्या राज्यात पहिली ते चौथी आणि पाचवी ते दहावी अशी जुनी विभागणी आहे. तिच्यामुळं खरी खेड्यातली मुलं पाचवीच्या एका वर्षात ग्रामीण जागा गमावतात. मला विचाराल तर या परीक्षेतला सगळ्यात मोठा अन्याय हा आहे. नवोदयच्या कल्पनेत खेड्यातल्या हुशार मुलाला वर आणायचं होतं, आणि चौथीपुढं शाळा नसलेल्या वाडीतलंच मूल त्यातून गळतं.

अॅड_शाहूपुरी

सर, मी थोडा वेगळा विचार करतो. घरावरून ठरवलं असतं तर? रहिवासी दाखला मिळवणं किती सोपं आहे हे आपल्याला माहीत आहे. शहरातले अर्धे पालक गावच्या आजोबांच्या घराचा पत्ता देऊन ग्रामीण झाले असते. शाळेच्या रजिस्टरमधली तीन वर्षं खोटी करणं त्या मानानं अवघड. नियम कडक आहे, पण त्याला कारण आहे.

केंद्रप्रमुख_निवृत्त

कारण आहे, मान्य. पण पाचवीसाठी नाइलाजानं तालुक्याला जाणाऱ्या मुलाला सूट देता आली असती, तेवढंच म्हणतो. यावर आपलं एकमत होणार नाही.

मेघा_कबनूर

माझा अजून एक प्रश्न आहे. आमचं कबनूर इचलकरंजीला चिकटून आहे. ग्रामपंचायत आहे, पण २०११ च्या जनगणनेत आमचं गाव शहरी म्हणून मोजलंय असं तलाठी म्हणाले. कोरोचीचंही तसंच. मग आमच्या गावातली शाळा कशात?

पाटील_शिये

ग्रामपंचायत म्हणजे ग्रामीण, आता तरी माझं बरोबर असंल.

केंद्रप्रमुख_निवृत्त

हा खरा अवघड प्रश्न आहे. नियमाचा रोख असा की शासनाच्या अधिसूचनेनं जो भाग शहरी ठरलाय तो शहरी, बाकी सगळा ग्रामीण. त्या हिशेबानं पाटील बरोबर ठरतील. पण जुन्या माहितीपत्रकांत जनगणनेचाही उल्लेख असायचा, आणि कबनूरसारखी गावं जनगणनेत नगर आहेत, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. मी दोन्ही अर्थ लावलेले पाहिलेत. शाळेच्या यू-डायस माहितीत शाळेचं क्षेत्र ग्रामीण की शहरी अशी नोंद असते, मुख्याध्यापकांकडून ती आधी बघून घ्या. ती एक आणि प्रमाणपत्र दुसरंच, असं होता कामा नये. त्यावर कागलला लेखी विचारा. फॉर्मची मुदत संपल्यावर थोडे दिवस दुरुस्तीची खिडकी उघडतात. तेव्हा क्षेत्र, प्रवर्ग, मुलगा-मुलगी, दिव्यांग आणि परीक्षेचं माध्यम एवढंच बदलता येतं. उत्तर तोवर आलं तर दुरुस्त करता येईल.

शिक्षिका_राधानगरी

मी पाचवीला शिकवते. एक आणखी सांगायचं होतं. वर सरांनी वयाबद्दल सांगितलं, पण लवकर शाळेत घातलेल्या मुलांचं कुणी बोललं नाही. माझ्या वर्गात एक मुलगा आहे, जन्म ९ ऑगस्ट २०१६. नऊ दिवसांनी हुकला. त्याच्या आईला वाटत होतं की पुढच्या वर्षी बसवू. पण पुढच्या वर्षी तो सहावीत असेल आणि परीक्षा फक्त पाचवीतल्या मुलांना आहे. मग पाचवीतच ठेवू म्हणाल्या, तर पाचवी दुसऱ्यांदा करणारं मूलही चालत नाही. म्हणजे त्याच्यासाठी हे दार बंदच राहिलं. पहिलीला घालताना वर्ष वाचवायच्या नादात हे होतं. वय जास्त वाटलं तर वैद्यकीय तपासणीलाही पाठवू शकतात, म्हणून जन्मतारखेशी खेळायला कुणी जाऊ नये.

उदगावकर

ताई, त्या मुलाला नववीला बसता येतं ना?

शिक्षिका_राधानगरी

हो, नववीला आणि अकरावीला रिकाम्या जागांसाठी वेगळी परीक्षा असते. रिकाम्या म्हणजे रिकाम्या, त्या वर्षी किती निघतील त्यावर आहे. तुमच्या मुलासाठीही तो रस्ता आहे. तेव्हा आठवी आणि घर एकाच जिल्ह्यात येईल असं आत्तापासून बघा.

वैशालीताई, मुलीच्या तयारीचं विचारलं नाहीत तरी सांगते. ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. मानसिक क्षमतेचे ४० प्रश्न, ५० गुण, सगळे आकृत्यांचे. आरशातली प्रतिमा, घडी घालून छिद्र पाडलेला कागद, लपलेली आकृती, वेगळी आकृती ओळखणं, असे दहा प्रकार आणि प्रत्येकाचे चार प्रश्न. अंकगणित २० आणि भाषा २०. भाषेत चार उतारे, प्रत्येकी पाच प्रश्न, मराठीतून देता येते. तिन्ही विभागांत वेगवेगळं पात्र व्हावं लागतं, म्हणून आकृत्यांत पैकीच्या पैकी आणले आणि उतारे सोडून दिले असं चालत नाही. गावातल्या मुलींना अडचण येते ती ओएमआर शीटची. एक ओळ चुकली की पुढचं सगळं घसरतं, आणि खाडाखोड चालत नाही. घरी कागदावर गोल काढून तेवढा सराव नक्की करून घ्या.

वैशाली_वडणगे

ताई, सर, सगळ्यांचे आभार. फॉर्म आज रात्री भरते : तिसरी शहरी, चौथी-पाचवी ग्रामीण, प्रवर्ग ओबीसी, माध्यम मराठी. सेतूत उद्या केंद्राच्या नमुन्यासाठी अर्ज देते. आधारवर पत्ता वडणग्याचाच आहे.

मेघा_कबनूर

माझं अजून लटकलेलंच आहे. यू-डायसला आमच्या शाळेची नोंद ग्रामीण निघाली, पण मुख्याध्यापक सही करायला कचरतायत. सोमवारी कागलला जाऊन लेखी देते. कोरोची किंवा आसपासच्या कुणाचं मूल ग्रामीण म्हणून गेल्या दोन-तीन वर्षांत कागदपत्रांतून पार पडलं असेल तर इथं नक्की लिहा.

कागल_मामा

मेघाताई, सोमवारी मी गावातच आहे. अर्जाच्या दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. यू-डायसच्या नोंदीची प्रिंट सोबत जोडा.